‘बघू’ आणि ‘देईन’ : तुमच्या बाकामागचं एक वाक्य

नमस्कार मुलांनो. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, आत्ताच तुम्ही सगळ्यांनी उद्देशिकाही म्हटलीत. मी शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करते. गेली काही वर्षं शाळाप्रवेशाची प्रकरणं घेऊन पालक माझ्याकडे येतात, म्हणून तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला आज संविधानावर बोलायला बोलावलं. अख्ख्या संविधानाबद्दल एका परिपाठात बोलायला गेले, तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही. म्हणून मी एकच वाक्य घेऊन आले आहे. तुम्ही शाळेत जिथे बसता ना, त्या बाकामागचं वाक्य.

आधी एक विचारते. घरी सायकल मागितलीत आणि बाबा म्हणाले, “बघू.” दुसऱ्या घरी बाबा म्हणाले, “दिवाळीला देईन.” या दोन उत्तरांत काय फरक आहे ते तुम्हाला मोठ्या माणसांपेक्षा जास्त कळतं. ‘बघू’ म्हटलेल्या बाबांशी दिवाळीच्या दिवशी भांडता येत नाही, ते कधी नाही म्हणालेच नव्हते. ‘देईन’ म्हटलेल्या बाबांसमोर मात्र हात कमरेवर ठेवून उभं राहता येतं.

आपल्या संविधानात मुलांच्या शिक्षणाबद्दल १९५० साली ‘बघू’ लिहिलं होतं. ‘देईन’ लिहायला आणखी बावन्न वर्षं लागली. आणि ‘देईन’ लिहून झाल्यावरही, आत्ता २०२४ साली आपल्याच राज्यात त्यातला थोडा भाग काढून घ्यायचा प्रयत्न झाला. तो कसा झाला आणि कसा थांबला, ते मला आज सांगायचं आहे.

सुरुवात इथून फार लांब नाही. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडेवाडा होता. जुना वाडा आता पाडला आहे, पण जागा सगळ्यांना माहीत आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा काढली, हे तुम्ही पहिलीपासून ऐकत आलात. जोतीरावांची पुढची एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीरावांनी पुण्याहून लेखी निवेदन दिलं. खाली सही करताना त्यांनी स्वतःची ओळख लिहिली ती व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद अशी. पत्ता जुना गंज पेठ. त्यांचं म्हणणं असं की सरकारचा महसूल मुख्यतः राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या थरातल्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून त्यांनी मागणी केली, की प्राथमिक शिक्षण एका ठरावीक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचं करा.

बारा हा आकडा लक्षात ठेवा. आकडे पुढे बदलत जाणार आहेत.

तीसेक वर्षांनी पुण्याच्याच आणखी एका माणसाने तो विषय कायद्याच्या भाषेत आणला. गोपाळ कृष्ण गोखले, फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे. ते तेव्हा इंग्रजांच्या केंद्रीय कायदेमंडळात होते. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी अगदी माफक होती. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांसाठीच, आणि तेही जिथली नगरपालिका किंवा स्थानिक मंडळ तयार होईल तिथेच. मुलींचा विचार नंतर करू, असं. एवढं कमी करूनही पुढच्या वर्षी मतदान झालं तेव्हा विधेयकाच्या बाजूने १३ आणि विरोधात ३८ मतं पडली. पैसा कुठून आणायचा, लोकांची अजून तयारी नाही, ही कारणं दिली गेली. पैसा हे कारण तुम्हाला या गोष्टीत पुन्हा भेटेल.

आता संविधान सभेत येऊ. संविधानाचा जो मसुदा चर्चेला आला, त्यात छत्तिसाव्या अनुच्छेदाची सुरुवातच अशी होती की प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे. पुढे म्हटलं होतं की राज्य ते देण्याचा प्रयत्न करील. २३ नोव्हेंबर १९४८ ला त्यावर चर्चा झाली, आणि पंडित लक्ष्मीकांत मैत्र या सदस्यांनी सुचवलं की ‘हक्क आहे’ हा सुरुवातीचा तुकडा काढून टाका. त्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. संविधानात दोन वेगळे भाग आहेत. तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत. ते मोडले तर तुम्ही थेट कोर्टात जाऊ शकता. चौथ्या भागात मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सरकारने कारभार करताना ती समोर ठेवायची, पण ती पाळली नाहीत म्हणून कोर्टाकडून ती बजावून घेता येत नाहीत. सदतिसाव्या अनुच्छेदात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. छत्तिसावा अनुच्छेद होता चौथ्या भागात. मग जिथे हक्क मागताच येत नाहीत, त्या भागात ‘हक्क’ हा शब्द कसा ठेवणार? सूचना मान्य झाली. शब्द गेला, आणि उरलं ते ‘प्रयत्न करील’.

मला विचाराल तर त्या दिवशी तो शब्द काढण्याऐवजी ते अख्खं वाक्यच उचलून तिसऱ्या भागात न्यायला हवं होतं. पण देश नुकताच स्वतंत्र झालेला, फाळणीत होरपळलेला, तिजोरीत फारसं काही नाही. जे देता येईल याची खात्री नाही, ते हक्क म्हणून लिहायचं का, ही त्या लोकांची अडचण खोटी नव्हती.

त्याच चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. एका सदस्याचं म्हणणं होतं की ‘शिक्षण’ऐवजी नुसतं ‘प्राथमिक शिक्षण’ लिहा, म्हणजे जबाबदारी कमी होईल. बाबासाहेबांनी नकार दिला. त्यांचा मुद्दा साधा होता. दुसऱ्या एका अनुच्छेदात आपण चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला मनाई करतो आहोत. तो आजचा चोविसावा अनुच्छेद, कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांबद्दलचा. मग चौदा वर्षांपर्यंत ते मूल कामावर जाणार नसेल, तर कुठे असणार? शाळेतच असलं पाहिजे. म्हणून चौदा. जोतीरावांचे बारा, गोखल्यांचे दहा आणि इथे चौदा. हा आकडा कारखान्याच्या दारावरून आला आहे.

अशा रीतीने अनुच्छेद ४५ तयार झाला. संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. चौथ्या भागातल्या इतर तत्त्वांना मुदत नव्हती, या एकाला होती. १९५० अधिक दहा, म्हणजे २६ जानेवारी १९६०. ती तारीख आली आणि गेली. त्या दिवशी शाळेबाहेर असलेली मुलं कोर्टात जाऊ शकत नव्हती, कारण सरकारने फक्त ‘बघू’ म्हटलं होतं.

हे बदललं ते एका विद्यार्थिनीमुळे, आणि तीही शाळेतल्या नव्हे. मोहिनी जैन उत्तर प्रदेशातल्या मेरठची. तिला कर्नाटकातल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात प्रवेश हवा होता. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ६०,००० रुपये फी ठरवलेली, १९९१ साली. तिच्या घरच्यांना ते शक्य नव्हतं. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९२ मध्ये न्यायालय म्हणालं की एकविसाव्या अनुच्छेदात जीविताचा हक्क आहे, आणि माणूस म्हणून सन्मानाने जगायचं तर शिक्षणाशिवाय कसं जगणार? म्हणजे जे चौथ्या भागात झोपलं होतं, ते तिसऱ्या भागातल्या जुन्याच वाक्याच्या पोटात सापडलं. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायाधीशांनी त्याला माप लावलं. चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मूलभूत हक्क. त्यापुढे सरकारच्या आर्थिक ताकदीप्रमाणे. म्हणजे मोहिनीचं मेडिकल कॉलेज त्या हक्कात बसलं नाही, पण तुमची चौथी-पाचवी बसली.

मग संसदेने ते संविधानातच लिहून टाकलं. २००२ सालची शहाऐंशीवी घटनादुरुस्ती. तिसऱ्या भागात, जीविताच्या हक्काला अगदी खेटून, नवा अनुच्छेद आला : २१ क. त्याचा अर्थ असा, की राज्य सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना, कायद्याने ठरवील त्या रीतीने, मोफत आणि सक्तीचं शिक्षण देईल.

‘प्रयत्न करील’ गेलं. ‘देईल’ आलं.

दोन शब्दांवर जरा थांबू. पहिला ‘सक्तीचं’. सक्ती कोणावर? तुम्हाला वाटतं तुमच्यावर. पुष्कळ पालकांनाही तेच वाटतं. पण नंतर आलेल्या कायद्याने याचा अर्थ नीट लिहिला आहे, आणि तो वाचून मला पहिल्यांदा फार बरं वाटलं होतं. सक्ती सरकारवर आहे. मुलाला प्रवेश मिळाला, ते रोज शाळेत येतं आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं करतं, हे बघण्याची सक्ती. मूल शाळेत आलं नाही, तर सरकारने जाऊन विचारायचं आहे की का आलं नाही.

दुसरा शब्द ‘कायद्याने’. हा आपल्याला २०२४ मध्ये लागणार आहे, म्हणून तो जपून ठेवा.

तो कायदा यायला २००९ उजाडलं, आणि १ एप्रिल २०१० पासून तो आणि अनुच्छेद २१ क दोन्ही लागू झाले. या कायद्यालाच आपण शिक्षण हक्क कायदा किंवा आरटीई म्हणतो. इथे शब्दांची एक सवय लावून घ्या : संविधानातल्या तरतुदीला अनुच्छेद म्हणायचं, कायद्यातल्या तरतुदीला कलम. ऐकल्याबरोबर कळतं की समोरचा कुठल्या कागदाबद्दल बोलतोय.

आरटीईच्या कलम १२ मध्ये पंचवीस टक्क्यांची गोष्ट आहे. सरकारकडून अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळांनीही प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या निदान पंचवीस टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. चाळीसच्या वर्गात दहा. त्या मुलांकडून फी घ्यायची नाही; सरकार शाळेला ठरलेल्या दराने पैसे परत करतं. आपल्याकडे यासाठी ऑनलाइन अर्ज भरतात आणि सोडत निघते. तुमच्यातली काही मुलं तशीच इथे आली असतील. कोण, ते मी विचारणार नाही आणि तुम्हीही विचारू नका.

आता २०२४. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने आरटीईच्या नियमांत बदल केला. ज्या विनाअनुदानित खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांतून सूट. ऐकायला छोटा बदल वाटतो. पण पुण्यासारख्या शहरात कसबा पेठेत उभे राहा, कोथरूडला राहा, नाही तर येरवड्याला. एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही, अशी जागा शोधावी लागेल. म्हणजे सूट जवळजवळ सगळ्यांनाच. पालक अर्ज भरायला बसले तर यादीत खासगी शाळा नाहीतच. एक वडील माझ्याकडे मोबाईल घेऊन आले आणि म्हणाले, “मॅडम, ॲपमध्ये काहीतरी बिघाड दिसतोय.” बिघाड नव्हता.

यामागचं सरकारचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्या, कारण ते अगदीच टाकाऊ नव्हतं. जवळ आपलीच शाळा आहे, तिथे पटावर मुलं कमी होत चालली आहेत, आणि आपण खासगी शाळांना पैसे का द्यायचे? शाळांचीही तक्रार होती की सरकारकडून येणं असलेले परताव्याचे पैसे वर्षानुवर्षं थकतात. गोखल्यांच्या वेळचं कारण पुन्हा आलं. पैसा.

पण कोर्टात पहिला प्रश्न तो नसतो. पहिला प्रश्न असतो, हे करण्याचा अधिकार तुम्हाला कुठल्या कागदाने दिला?

हे समजायला तुमच्या शाळेचंच उदाहरण घेते. समजा मुख्याध्यापिकाबाईंनी लिहून दिलं, की मधल्या सुट्टीत मैदान सगळ्या वर्गांना खुलं आहे. खेळाच्या सरांनी पाळ्या लावाव्यात. सरांनी पाळ्या लावल्या, सोमवारी पाचवी, मंगळवारी सहावी. हे चालेल, बाईंच्याच आदेशाचं काम सर पुढे नेत आहेत. पण उद्या सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘सातवी ब ला मैदान नाही, त्यांच्या वर्गाबाहेर व्हरांडा मोठा आहे’, तर? व्हरांडा खरंच मोठा असेल. तरीही सरांना तसं लिहिता येणार नाही. बाईंनी ‘सगळ्या वर्गांना’ म्हटलंय. सर पाळ्या लावू शकतात, सगळ्यांतून कुणाला वगळू शकत नाहीत. वगळायचं असेल तर बाईंकडे जाऊन मूळ आदेशच बदलून आणला पाहिजे.

कागदांची उतरंड अशीच असते. सगळ्यात वर संविधान. त्याखाली संसदेने किंवा विधिमंडळाने चर्चा करून, मतदान घेऊन केलेला कायदा. त्याखाली तो कायदा राबवायला सरकारने केलेले नियम. त्याखाली जीआर, परिपत्रकं, आणि सगळ्यात खाली शाळेच्या दारावरची नोटीस. खालचा कागद वरच्याचं काम पुढे नेऊ शकतो, वरच्याने दिलेलं काढून घेऊ शकत नाही.

आता तुम्हीच निकाल लावा. अनुच्छेद २१ क म्हणतो, कायद्याने ठरवलेल्या रीतीने शिक्षण देईल. कायदा म्हणतो, या या प्रकारच्या शाळांनी पंचवीस टक्के जागा द्याव्यात. जवळ सरकारी शाळा असेल तर सूट, असं कायद्यात कुठेही नाही. आणि नियम म्हणतो, सूट. नियमाने कायद्यात नसलेली खिडकी उघडली, आणि त्या खिडकीतून मुलांच्या जागा बाहेर गेल्या.

काही पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात न्यायालयाने बदललेल्या नियमाला स्थगिती दिली, आणि अर्जाच्या यादीत खासगी शाळा पुन्हा आल्या. शाळा सुरू झाल्या तरी ही मुलं निकालाची वाट बघत घरीच होती. १९ जुलै २०२४ ला निकाल आला. हा बदल आरटीई कायद्याच्या आणि अनुच्छेद २१ क च्या विरोधात आहे, म्हणून तो रद्द. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. ते वडील परत आले ते पेढे घेऊन. मुलीला पहिलीत प्रवेश मिळाला होता, पण पहिलीचा सुरुवातीचा महिना, दीड महिना गेला तो गेलाच. कोर्ट रद्द करू शकतं. गेलेले दिवस देऊ शकत नाही.

एवढं मोठं प्रकरण रोज होत नाही. रोज होतं ते शाळेच्या खिडकीशी. म्हणून आता एक मुलगी घेऊ. ती खरी एक मुलगी नाही, माझ्याकडे आलेल्या पाच-सहा जणींची मिळून केलेली आहे. वय अकरा. गाव मराठवाड्यात. आईवडील शहराच्या कडेला एका बांधकामावर कामाला आले, नोव्हेंबरात. तिसरीपर्यंत शिकली, मग दोन वर्षं धाकट्या भावाला सांभाळत घरी. आई तिला घेऊन जवळच्या सरकारी शाळेत गेली. खिडकीतून चार वाक्यं आली : जन्मदाखला आणा. जुन्या शाळेचा दाखला आणा. आता नोव्हेंबर आहे, जूनमध्ये या. आणि आलीच तर तिसरीत बसवू.

चारही वाक्यं माणुसकीने बोललेली असतील, त्या क्लार्कला बिचाऱ्याला तेच शिकवलेलं असेल. पण एकेक वाक्य कायद्याशेजारी ठेवून बघा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४. अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांनी वय लिहून दिलेलं चालतं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५. वर्ष सुरू झाल्यावर आली म्हणून नाकारता येत नाही, हे कलम १५. आणि वर्ग? कलम ४ म्हणतं, वयाप्रमाणे. अकरा वर्षांची मुलगी सहावीत बसेल, आठ-नऊ वर्षांच्या मुलांत नाही. मागे राहिलेलं भरून काढायला तिला विशेष प्रशिक्षण द्यायचं, निदान तीन महिने, गरज असेल तर दोन वर्षांपर्यंत. आणि यातच एक ओळ आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. अशा उशिरा आलेल्या मुलाचं चौदावं वर्ष उलटलं, तरी आठवी पुरी होईपर्यंत शिक्षण मोफतच राहतं.

यात चूक होते ती दोन ठिकाणी. एक, नकार नेहमी तोंडी असतो. आई परत जाते आणि कागदावर काहीच राहत नाही. पुढे कुणी विचारलं तर शाळा म्हणते, कुणी आलंच नव्हतं. म्हणून मी पालकांना पहिली गोष्ट सांगते, की साध्या वहीच्या कागदावर अर्ज लिहा. मुलीचं नाव, वय, आज प्रवेश मागितला, एवढंच. दोन प्रती. एक शाळेला द्या, दुसरीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. त्याला पोच म्हणतात. दहातल्या बऱ्याच प्रकरणांत पोच मागताच प्रवेश होतो. नाहीच झाला, तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, म्हणजे शहरात महापालिकेकडे. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो; तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती कागदावर दिसत नाही. मुलगी सहावीत बसते, पटावर नाव लागतं, पण विशेष प्रशिक्षण मिळतच नाही. समोर अपूर्णांक चाललेत आणि तिला अजून जोडाक्षरं नीट वाचता येत नाहीत. दोन महिन्यांनी ती येईनाशी होते, आणि सगळे म्हणतात, तिलाच शिकायचं नव्हतं. हे ओळखायचं कसं? शिक्षकांच्या आधी तुम्हालाच दिसतं. वर्गात नवी आलेली मुलगी मोठ्याने वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जाते. फळ्यावरचं चित्रासारखं बघून उतरवते. असं दिसलं तर तिला हसायचं नाही, आणि बाईंना जाऊन सांगायचं : हिला विशेष प्रशिक्षण मिळतंय का? हा शब्द असाच्या असा वापरा. ‘हिला येत नाही’ म्हटलं की ती तिची कमतरता होते. ‘हिला विशेष प्रशिक्षण मिळतंय का’ म्हटलं की ते शाळेचं काम होतं.

आता मागे बसलेल्या नववी-दहावीच्या मुलांनो, तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. मघापासून तुम्ही कदाचित मनात म्हणत असाल, की आमचं काय? प्रश्न बरोबर आहे. हा कायदा आठवीला संपतो. पंचवीस टक्क्यांत आलेल्या मुलाला आठवीपर्यंत फी नसते, नववीच्या पहिल्या दिवशी पूर्ण फी मागितली जाऊ शकते. दर वर्षी जूनमध्ये असे पालक येतात. शाळा तीच, मुलगा तोच, मित्र तेच, आणि अचानक जमणार नाही असा आकडा. त्यांच्यासाठी माझ्याकडे कलम नसतं. अनुदानित शाळा शोधून देणं किंवा शाळेला विनंती करणं, एवढंच हातात राहतं. अल्पसंख्याकांच्या शाळाही या कायद्याच्या बाहेर आहेत, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २०१४ मध्ये तसं ठरवलं. सहा वर्षांच्या आतली बालवाडीची मुलंही या हक्कात नाहीत. त्यांच्यासाठी अनुच्छेद ४५ नव्याने लिहिला गेला, आणि तिथे अजून ‘प्रयत्न करील’च आहे.

पण चौदा हा आकडा वाढवायला घटनादुरुस्तीच लागते, असं मात्र समजू नका. संविधानाने निदान किती द्यायचं ते सांगितलं आहे. त्याहून जास्त द्यायला कुणाची मनाई नाही. संसदेला ते साध्या कायद्याने करता येतं, आणि एका गटासाठी तिने ते केलंही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ बघा. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, परिसरातल्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी त्यांना हवी तिथे. तुमच्या दहावीच्या वर्गात असा एखादा मित्र असेल, तर त्याला हे कलम माहीत आहे का ते आज मधल्या सुट्टीत विचारा. त्याच्या घरी फीचं पत्र आलं असेल, तर ते घेऊन आईला माझ्याकडे पाठवायला सांगा.